एकच न्यायाधीश, दोन निकाल

न्यायमूर्ती व्ही. रामसुब्रमणियन यांनी रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक रद्द केले आणि पुढे नोटाबंदी वैध ठरवणाऱ्या बहुमतातही ते होते. ही विसंगती म्हणावी का?

पहिले प्रकरण क्रिप्टोचलनाचे. 6 एप्रिल 2018 रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की, आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्यांना सेवा देऊ नका. आधीच देत असाल तर तीन महिन्यांत थांबवा. बँक खात्याशिवाय एक्स्चेंज चालणार कसे? एक्स्चेंजवाले सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल 4 मार्च 2020 ला लागला आणि त्याचा बराचसा भाग रिझर्व्ह बँकेच्या बाजूनेच होता. बँकेला असा अधिकार आहे, धोका प्रत्यक्ष येण्याआधीही ती पाऊल उचलू शकते, तज्ज्ञ संस्थेच्या मताला मान द्यायला हवा, हे सगळे न्यायालयाने मान्य केले. अडले एका साध्या मुद्द्यावर. क्रिप्टो एक्स्चेंजमुळे देशातल्या एखाद्या तरी बँकेचे नुकसान झाल्याचे रिझर्व्ह बँकेला दाखवता आले नाही. आभासी चलनावर बंदी नाही, असे ती स्वतःच सांगत होती आणि तरीही त्या धंद्याचा श्वास कोंडत होती. व्यवसायस्वातंत्र्यावर एवढा मोठा घाव घालताना तो प्रमाणशीर आहे, हे तिने दाखवायला हवे होते. क्रिप्टो चांगले की वाईट, या वादात न्यायालय शिरलेच नाही.

नोटाबंदीचा निकाल 2 जानेवारी 2023 ला, चार विरुद्ध एक असा लागला. बहुमताचे निकालपत्र अमरावतीच्या भूषण गवई यांचे. सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात सहा महिने सल्लामसलत झाली होती, तेव्हा निर्णयप्रक्रियेत दोष नाही. हेतू साध्य झाला की नाही, हे ठरवणे आमचे काम नव्हे, असे त्यांनी म्हटले.

न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनाही धोरणाचे गुणदोष तपासायचे नव्हते. त्यांनी तारखा पाहिल्या. सरकारचे पत्र 7 नोव्हेंबर 2016 चे, संचालक मंडळाची शिफारस दुसऱ्याच दिवशी, आणि त्याच रात्री घोषणा. प्रस्ताव रिझर्व्ह बँकेकडून यायला हवा होता, सरकारलाच नोटा रद्द करायच्या होत्या तर कायदा करायला हवा होता, आणि चोवीस तासांत बँकेने स्वतंत्र विचार केलेला दिसत नाही, असे त्यांचे मत पडले.

त्यामुळे रामसुब्रमणियन यांच्या दोन निकालांत मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे धोरण बाजूलाच राहिले. माझी तक्रार वेगळी आहे. तज्ज्ञाचा मान राखायचा, तर तज्ज्ञाने खरोखर विचार केला होता का, हे आधी पाहायला हवे. क्रिप्टोच्या वेळी ते कसून पाहिले गेले. नोटाबंदीत बहुमताने सहा महिन्यांच्या सल्लामसलतीवर भरवसा ठेवला, तोही घटना घडून सहा वर्षे उलटल्यावर. तोवर जुन्या नोटा कधीच परत येणार नव्हत्या, आणि नागरत्ना यांनीही त्या निर्णयाचे झालेले परिणाम मागे फिरवायला सांगितले नाही.