पांढऱ्या पानावर निऑन का वाचता येत नाही?



तुमच्या जिमच्या बोर्डावरचा निऑन हिरवाच वेबसाइटवरच्या फीच्या तक्त्यालाही हवा, असं तुम्ही कळवलंत. बोर्ड आणि वेबसाइट एकसारखी दिसावी हे रास्तच आहे. पण पांढऱ्या पानावर त्या रंगातलं काहीच नीट वाचता येत नाही. हे माझ्या आवडीनिवडीवरून म्हणत नाही.

डोळा अक्षर ओळखतो तो मुख्यतः उजेडाच्या फरकावरून. नुसता रंग वेगळा असून भागत नाही. स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचा बनतो. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा दिसतो, आणि त्या पांढऱ्याच्या उजेडात जवळपास 72 टक्के वाटा एकट्या हिरव्याचा असतो. तुमच्या #39FF14 या रंगात हिरवा पूर्ण पेटलेला आहे. म्हणजे अक्षरही लख्ख आणि मागचं पानही लख्ख. बोर्ड उठून दिसतो, कारण त्याच्यामागे रात्र असते.

हा फरक मोजता येतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या नियमांनुसार दोन्ही रंगांच्या उजेडात 0.05 मिळवून मोठ्या आकड्याला लहानाने भागायचं. पांढऱ्याचा उजेड 1, तुमच्या हिरव्याचा साधारण 0.724. म्हणून 1.05 भागिले 0.774, उत्तर जेमतेम 1.36. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान 4.5 लागतं, मोठ्या मथळ्याला 3. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांना 21 मिळतात. ते 0.05 म्हणजे स्क्रीनवर बाहेरून पडणाऱ्या प्रकाशाचा अंदाज. भर उन्हात मोबाइल धरला की तो प्रकाश कितीतरी वाढतो आणि उरलासुरला फरकही पुसला जातो.

मराठीत सगळ्यात आधी बारीक खुणा जातात. ‘वर्षाची फी’ यातला रफार दिसेनासा होतो, अनुस्वारही हरवतात. अक्षरांभोवती चमक दिली तर कडा आणखी पुसट होतात. शिवाय कॉन्ट्रास्ट तपासणारी बहुतेक साधनं ती चमक धरतच नाहीत, त्यामुळे आकडा चांगला येऊनही वाचताना त्रास होऊ शकतो.

म्हणून मी असं सुचवते: वरची पट्टी काळी ठेवू आणि जिमचं नाव त्यावर तुमच्याच निऑनमध्ये देऊ. तिथे हाच रंग 15.5 च्या आसपास जातो. तक्ता आणि बॅचच्या वेळा मात्र पांढऱ्यावर गडद हिरव्यात राहतील, तिथे 7.4 मिळतात:

```
color: #006400;
```

तुम्हालाही हे पडताळता येईल. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये त्या मजकुरावर राइट क्लिक करून Inspect निवडा आणि color शेजारच्या रंगीत चौकोनावर क्लिक करा. तिथे Contrast ratio दिसेल. दोन्ही नमुने सोबत पाठवते आहे. तुमच्या फोनवर, दुपारी जिमच्या दारात उभं राहून एकदा पाहा आणि कळवा. मग तक्त्याचं काम पुढे नेते.