पुढे पाठवण्याआधी चार ओळी

‘गरजू रुग्णाला मदत करा, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’ असा मेसेज येतो. सोबत फोटो, क्यूआर कोड आणि लाखांतला आकडा असतो, तारीख मात्र बहुधा नसते. ती नसल्यामुळेच पेशंट बरा होऊन घरी गेला तरी आवाहन वर्षभर फिरत राहतं आणि खऱ्या गरजेच्या मेसेजवरचाही विश्वास उडतो.

समजा, पुण्यातल्या एका रुग्णालयात अपघातग्रस्त तरुणासाठी चार लाखांचं आवाहन आलं. एका ओळखीच्या बाईंनी ते पुढे पाठवताना वर लिहिलं: ‘आज मंगळवारी सकाळी पेशंटच्या भावाशी बोलले. चार लाखांपैकी एक लाख ऐंशी हजार भरलेत, पावती पाहिली. उरलेले रुग्णालयाच्याच खात्यात, पेशंटचा नोंदणी क्रमांक घालून भरा. ओ निगेटिव्ह रक्तही हवंय. गुरुवारनंतर मला विचारल्याशिवाय पाठवू नका.’

एवढ्यानं वाचणाऱ्याचे बहुतेक प्रश्न सुटतात. चौकशी भावाकडे केली तेही बरोबर, कारण रुग्णालयं अनोळखी माणसाला पेशंटची माहिती फोनवर सहसा देत नाहीत आणि देऊही नये. नातेवाइकाकडून अंदाजपत्रक आणि ताजी पावती मागवता येते. क्यूआर कोडची खात्री तर दोन मिनिटांची: स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. पोस्टरवरचा कोड बदलून तेच चित्र फिरवणारे भामटे असतात. नाव जुळलं नाही तर तिथंच थांबावं.

पण सगळ्यात मोलाची ओळ पैशांची नसतेच. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून ही योजना लागू आहे. अनेक कुटुंबांना ती ठाऊकच नसते आणि ती आधी उधारी, मग आवाहन करतात. ‘रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकांना आजच भेटा’ एवढं कुणी लिहिलं, तर चार लाखांचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचंही तेच, फक्त तिथं वेळ महत्त्वाची. रुग्णालय योजनेत असावं लागतं, उपचार यादीत असावा लागतो आणि एरवी आधी मंजुरी घ्यावी लागते. बिल भरून झाल्यावर ही चौकशी केली तर हाती फारसं लागत नाही. म्हणून दाखल करतानाच तिथल्या आरोग्यमित्राला गाठायला सांगावं.

देणाऱ्यांसाठीही एक ओळ हवी. व्यक्तीच्या खात्यात दिलेल्या पैशांवर 80G ची करसवलत मिळत नाही, ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते. हे आधीच सांगितलं, की नंतर पावतीसाठी पेशंटच्या घरच्यांना कुणी फोन करत नाही.

आणि पैसे जमले, की त्या बाईंचा दुसरा मेसेज त्याच ग्रुपवर यायला हवा: ‘रक्कम पूर्ण झाली, ऑपरेशन झालं, आता पाठवू नका.’