दुसऱ्या मुलाचं काय? लेखी विचारा

“एकाच प्लॅनमध्ये दोघंही शिकतील,” असं फोनवर सहज सांगितलं जातं. पण अनेक ॲपच्या अटींत एक प्लॅन म्हणजे एक विद्यार्थी, एक इयत्ता. म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लिहा:

‘मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत आहे. याच प्लॅनमध्ये मुलाला पाचवीचा अभ्यासक्रम, स्वतंत्र प्रोफाइल आणि थेट वर्ग मिळतील का? जादा शुल्क किती? कृपया लेखी कळवा.’

नुसतं ‘दोघांना चालेल का’ विचारलं, तर ‘हो’ येतं आणि मुलाला आठवीचेच धडे दिसतात. उत्तर जपून ठेवा. पुढे वाद झाला, तर ते जोडून तक्रार करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.