नेटवर्क गेलं की नंबर गेला?

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस मुंबईतल्या माहीमच्या एका व्यावसायिकाच्या फोनवर रात्रीतून सहा मिस्ड कॉल येऊन गेले. त्यातल्या दोन नंबरांच्या सुरुवातीला +४४, म्हणजे ब्रिटनचा कोड होता. सकाळी त्यांनी त्या नंबरावर उलट फोन लावून पाहिला, तर लागेना. सिमच बंद पडले होते. मोबाइल कंपनीकडे विचारल्यावर कळले, की आदल्या रात्रीच त्यांच्या नावाने नवे सिम मागवले गेले होते आणि ते सुरूही झाले होते. बँकेत चौकशी केली, तेव्हा खात्यातून २८ व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये निघून गेलेले होते. बँकेला त्यातले सुमारे २० लाखच अडवता आले.

बातमी गाजली ती मिस्ड कॉलमुळे. अनोळखी नंबरचा मिस्ड कॉल आला की पैसे जातात, अशी धास्ती तेव्हापासून अनेकांच्या मनात बसली. मिस्ड कॉलने खात्यातला एक रुपयाही हलत नाही. फोन सतत वाजवून माणसाला वैताग आणायचा, म्हणजे तो फोन बंद करून किंवा सायलेंटवर टाकून झोपतो, हा अशा कॉलमागचा एक डाव असतो. मग नेटवर्क गेल्याचे सकाळपर्यंत त्याच्या ध्यानात येत नाही. खरी चोरी झालेली असते ती नंबराची.

आपला मोबाइल नंबर सिममध्ये असतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सिममध्ये त्या सिमची स्वतःची ओळख आणि एक गुप्त किल्ली असते. अमुक नंबर सध्या अमुक सिमला जोडलेला आहे, ही नोंद मोबाइल कंपनीच्या संगणकात राहते. सिम हरवले, तुटले, तर दुकानात जाऊन तोच नंबर नव्या सिमवर मिळतो, तो ही नोंद बदलल्यामुळेच. सोय चांगली आहे, पण ठग नेमकी तीच वापरतो. खोट्या कागदपत्रांवर तुमचे नाव सांगून, दुकानातल्या कुणाला हाताशी धरून किंवा खुद्द तुमच्याकडूनच होकार मिळवून तो नोंद बदलून घेतो. त्या क्षणी तुमच्या हातातले सिम निकामी होते आणि तुमचे कॉल व एसएमएस त्याच्या फोनवर जाऊ लागतात.

तुमच्याकडून होकार घ्यायची पद्धत पाहण्यासारखी आहे. कंपनीचा माणूस म्हणून फोन येतो. ‘तुमचं सिम जुनं झालंय, आजच अपग्रेड केलं नाही तर बंद पडेल.’ मग तो एक वीस आकडी क्रमांक देतो आणि तो कंपनीच्या अधिकृत नंबरवर एसएमएस करायला सांगतो. मेसेज खऱ्या कंपनीलाच जात असल्याने माणूस निर्धास्त होतो. तो क्रमांक मात्र ठगाच्या हातातल्या कोऱ्या सिमचा असतो. कंपनी विचारते, सिम बदलायचे ना? तुम्ही १ दाबता, आणि काम फत्ते. आता हाच डाव ई-सिमच्या नावानेही खेळला जातो. त्यात लिंक पाठवून मंजुरी घेतात. कोरे सिमसुद्धा लागत नाही.

नुसता नंबर मिळाला म्हणून खाते उघडत नाही, हेही समजून घ्यायला हवे. नेट बँकिंगचा युजर आयडी, पासवर्ड किंवा कार्डाचा तपशील ठगाने बहुधा आधीच मिळवलेला असतो. बनावट वेबसाइटवरून, खोट्या केवायसी फोनवरून किंवा कुठल्या तरी फुटलेल्या माहितीतून. त्याचे घोडे अडलेले असते ते फक्त ओटीपीपाशी. ईमेलचा पासवर्ड मोबाइलवर आलेल्या कोडने बदलता येत असेल, तर नंबराच्या पाठोपाठ ईमेलही त्याच्या हाती जातो आणि ईमेलवरून पुढची खाती.

म्हणून सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे गेलेले नेटवर्क. फोनवर ‘नो सर्व्हिस’, ‘नो सिम’ किंवा फक्त आपत्कालीन कॉल असे दिसते. घोटाळा होतो तो इथेच, कारण घरात वाय-फाय सुरू असते. व्हॉट्सॲपवर मेसेज येत राहतात, व्हिडिओ चालतात, आणि नंबर गेल्याचे तासन् तास कळत नाही. त्याआधीही काही खुणा दिसून जातात. आपण न मागितलेल्या सिम बदलाचा किंवा पोर्टिंगचा एसएमएस, न मागितलेले ओटीपी, पासवर्ड बदलल्याचा ईमेल. यातले काहीही आले आणि मागोमाग नेटवर्क गेले, तर टॉवरला दोष देत बसू नये.

खात्री करायला पाच मिनिटे पुरतात. फोन बंद करून पुन्हा सुरू करा. त्याच कंपनीचा दुसरा फोन घरात असेल, तर त्याला नेटवर्क आहे का पाहा. असेल, तर त्यावरून स्वतःचाच नंबर लावा. पलीकडे रिंग जाते आहे आणि तुमच्या हातातला फोन गप्प आहे, याचा अर्थ तो नंबर बहुधा दुसऱ्या कुणाच्या सिमवर वाजतो आहे. त्याच दुसऱ्या फोनवरून कंपनीला नंबर ताबडतोब बंद करायला सांगा, बँकेला खाते गोठवायला सांगा आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

घाई का, याचे एक ठोस कारण आहे. आपल्याकडे आता सिम बदलल्यावर पहिले २४ तास नव्या सिमवर एसएमएस येत नाहीत की जात नाहीत, अशी तरतूद आहे. सामान्य ग्राहकाला तिचा जाच वाटतो, पण ठगाला ओटीपी मिळू नये म्हणूनच ती केलेली आहे. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्टही करता येत नाही. पण २४ तासांची ही मुदत तुमच्यासाठीच आहे. शनिवारी संध्याकाळी नेटवर्क गेले आणि ‘सोमवारी दुकानात जाऊन बघू’ म्हणालात, तर ठगाला फक्त रविवार संध्याकाळपर्यंत थांबायचे असते. शिवाय जो ओटीपी फोन करून ऐकवला जातो, त्याला एसएमएसची बंदी रोखत नाही.

सिमला पिन लावला की आपण सुरक्षित, असा एक समज आहे. तो पिन फोन चोरीला गेला तर उपयोगी पडतो. नव्या सिमवर तुमचा पिन नसतोच. त्यापेक्षा ईमेल आणि समाजमाध्यमांची खाती एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपच्या कोडवर न्या. तो कोड फोनमध्येच तयार होतो, नंबराबरोबर जात नाही. बँकेच्या सूचना एसएमएसबरोबर ईमेलवरही घ्या, म्हणजे सिम बंद असतानाही व्यवहार दिसतात.

एसएमएस वाचणाऱ्या बनावट ॲपची गोष्ट वेगळी. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून आलेली एपीके फाइल उघडून परवानग्या दिल्या, तर ओटीपी तुमच्याच फोनवरून परस्पर पुढे जातात आणि नेटवर्क पूर्ण असते. तिथे वरची खूण दिसणार नाही.

पैसे गेलेच, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा आधार घ्या. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणची आहे आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमच्यावर भार येत नाही. पासवर्ड तुम्हीच कुणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. त्यामुळे फोनवर तक्रार केली की तिचा क्रमांक आणि वेळ लगेच लिहून घ्या. पुढे वाद झालाच, तर तो त्या वेळेवरूनच होतो.