तराजूवर मुहतसिबाचा डोळा

राजूरच्या बाजारात आज दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन यंत्रणेचा शिक्का लागतो. मध्ययुगीन इस्लामी शहरांत हे काम ‘हिस्बा’ या खात्याकडे होते आणि ते पाहणारा अधिकारी म्हणजे मुहतसिब.

बाराव्या शतकात सीरियाच्या शैझरीने मुहतसिबासाठी एक हस्तपुस्तिका लिहिली. तिच्यातला तराजूचा भाग आजही वाचण्याजोगा आहे. पारड्याला चिकटलेले तेल वजनात मोजले जाते, म्हणून पारडे सतत पुसावे. काटा स्थिर झाल्यावरच माल ठेवावा आणि तोही हळूच, कारण उंचावरून टाकलेला माल पारडे खाली दाबतो. अंगठ्याने पारड्याची कड दाबणे ही तर नेहमीची लबाडी. वजने लोखंडी असावीत. दगडाची असलीच, तर ती झिजू नयेत म्हणून चामड्यात मढवून त्यांवर शिक्का मारावा.

भाव ठरवण्याचा अधिकार मात्र मुहतसिबाला सहसा नव्हता. साठेबाजाला माल विकायला तो भाग पाडू शके. दिल्लीत अलाउद्दीन खिलजीने ही मर्यादा ओलांडली आणि धान्यापासून घोड्यांपर्यंत भाव बांधून दिले. इतिहासकार बरनीच्या वृत्तांतानुसार सुलतान लहान मुलांना खरेदीला पाठवून वजन तपासून घेई आणि माप कमी भरल्यास दुकानदाराला जबर शिक्षा होई.

पेशवाईतल्या पुण्यात असेच काम कोतवालाकडे होते. तंटे सोडवण्याबरोबर बाजारभाव आणि वजनमापांवर देखरेख ठेवणे, हीही त्याचीच जबाबदारी होती.