सातशे बेअरिंग म्हणजे किती दिवस?

जुन्या कारखान्यांच्या स्टोअरमध्ये नट-बोल्टच्या प्रत्येक मालाला दोन डबे असत. पहिला डबा रिकामा झाला की दुसरा उघडायचा आणि त्याच क्षणी रिकाम्या डब्यातली चिठ्ठी परचेसच्या टेबलावर नेऊन ठेवायची. दुसऱ्या डब्यातला माल नव्या मालाची वाट पाहण्यापुरता असे. ही पद्धत कागदाशिवाय, हिशेबाशिवाय चालायची, कारण सगळा हिशेब डब्याच्या आकारात आधीच करून ठेवलेला होता. आज संगणक रात्रीतून साठा तपासतो आणि खरेदी आदेश, म्हणजे रोजच्या बोलण्यातला पीओ, तयार करून ठेवतो. पण काम तेच आहे आणि अवघड प्रश्नही तोच आहे: दुसरा डबा केवढा असावा?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारा एक छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणू. तो रोज वीस पंप बनवतो आणि प्रत्येक पंपाला ६२०३ क्रमांकाची दोन बेअरिंग लागतात. हे बेअरिंग आतून १७ मिलिमीटर, बाहेरून ४० मिलिमीटर, म्हणजे मुठीत सहज मावणारे. रोज ४० नग खर्च होतात. पुरवठादार सांगतो, ‘दहा दिवसांत माल पोचेल.’ मग साधा गुणाकार: चाळीस गुणिले दहा, चारशे. साठा चारशेवर आला की ऑर्डर सोडायची. हा आकडा संगणकात भरला जातो, सगळे निर्धास्त होतात आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एखाद्या दिवशी पंपांची जुळणी थांबते.

चूक गुणाकारात नाही, ‘दहा’ या आकड्यात आहे. पुरवठादाराचे दहा दिवस पीओ त्याच्या हातात पडल्यापासून सुरू होतात आणि माल त्याच्या गोदामातून निघाला की संपतात. कारखान्याचे दिवस आधी सुरू होतात आणि उशिरा संपतात. साठा पातळीखाली गेला त्या रात्रीपासून सहीसाठी एक दिवस, नंतर ट्रान्सपोर्ट, गेटवरची नोंद, तपासणी विभागाचा शिक्का, आणि मग बेअरिंग रॅकवर. हा सगळा काळ ‘लीड टाइम’मध्ये धरायला हवा. तो पुरवठादाराला विचारून मिळत नाही. तो स्वतःच्या कागदांत सापडतो: मागणी नोंदवल्याची तारीख एका बाजूला, माल तपासून रॅकवर चढल्याची तारीख दुसऱ्या बाजूला.

या कारखान्याने मागच्या आठ खेपा काढून पाहिल्या असे धरू. कामाचे दिवस निघाले ९, ११, १०, १२, १०, १९, ११ आणि १४. सरासरी बारा. म्हणजे वाट पाहण्याच्या काळातला खर्चच ४८० नगांचा, चारशेचा नव्हे. आणि हीसुद्धा फक्त सरासरी. माल बारा दिवसांपेक्षा उशिरा आला की साठा शून्यावर येणार, म्हणून वर काही नग राखून ठेवावे लागतात. त्याला सेफ्टी स्टॉक म्हणतात.

तो किती असावा, हे दोन गोष्टींवर ठरते: रोजचा खर्च किती हलतो आणि लीड टाइम किती हलतो. इथे रोजचा खर्च चाळीसच्या आसपास साधारण सहा नगांनी वरखाली होतो, आणि लीड टाइम बारा दिवसांच्या आसपास सव्वातीन दिवसांनी. दोन्ही अस्थिरता एकत्र धरणारे नेहमीचे सूत्र लावले आणि शंभरपैकी पंचाण्णव वेळा माल पुरावा एवढी अपेक्षा ठेवली, तर सेफ्टी स्टॉक सुमारे २१४ नग येतो. ४८० आणि २१४ मिळून ६९४. पातळी झाली सातशे.

आता खरी बोलकी गोष्ट. हेच गणित लीड टाइम अगदी नियमित, दर वेळी बरोबर बारा दिवस आहे असे धरून केले, तर सेफ्टी स्टॉक ३४ नगांवर येतो. म्हणजे २१४ पैकी १८० बेअरिंग केवळ खेपा कधी वेळेवर, कधी उशिरा येतात म्हणून रॅकवर पडून राहतात. विक्रीतल्या चढउताराचा वाटा त्यात किरकोळ आहे. खरेदी विभाग पुरवठादाराशी भावासाठी तासन्‌तास घासाघीस करतो, पण ‘बाराव्या दिवशी नक्की’ एवढा शब्द मिळवला आणि पाळून घेतला, तर तेवढे भांडवल मोकळे होते. या प्रश्नाकडे अशा नजरेने पाहणारे कारखाने थोडे आहेत, ही खेदाची बाब आहे.

सूत्रावर मात्र आंधळा विश्वास नको. आठच खेपा आणि त्यात एक एकोणीस दिवसांची, एवढ्या माहितीवर पंचाण्णव टक्क्यांचा दावा पक्का धरता येत नाही. तशी खेप पुन्हा आली तर ७६० नग लागतील आणि सातशेची पातळी साठ नगांनी, म्हणजे दीड दिवसाने कमी पडेल. अशा वेळी त्या एकोणीस दिवसांचे कारण शोधावे लागते. ती खेप दिवाळीतली असेल तर वर्षभर जास्तीचा साठा ठेवण्यापेक्षा दिवाळीच्या आधी पातळी वाढवणे बरे. कारण सापडले नाही आणि जुळणी थांबण्याची किंमत मोठी असेल, तर सरळ ७६० किंवा त्याहून थोडी वरची पातळी धरावी.

आकडा ठरला की संगणकाचे काम सुरू होते, आणि पहिला सापळा तिथेच आहे. समजा, एका रात्री रॅकवर ६९० बेअरिंग आहेत. प्रणाली हजार नगांचा पीओ तयार करते. दुसऱ्या रात्री साठा ६५०. तो पातळीखालीच आहे. प्रणाली फक्त रॅकवरचा साठा पाहत असेल, तर ती पुन्हा हजार नग मागवेल, तिसऱ्या रात्री पुन्हा. पहिला माल येईपर्यंत बारा हजार बेअरिंगची ऑर्डर गेलेली असेल. म्हणून तुलना रॅकवरच्या साठ्याशी करायची नसते. हातातला साठा, अधिक मागवलेला पण न आलेला माल, वजा आधीच एखाद्या कामासाठी राखून ठेवलेला माल, असा जो आकडा येतो त्याच्याशी पातळी ताडायची. टॅलीप्राइममधल्या ‘रिऑर्डर स्टेटस’ अहवालात शिल्लक साठ्याशेजारी प्रलंबित खरेदी आणि द्यायच्या ऑर्डरी वेगळ्या रकान्यांत दिसतात, त्या याच कारणासाठी.

या दुरुस्तीतूनच उलट्या बाजूचा सापळा तयार होतो, आणि तो लवकर लक्षात येत नाही. पुरवठादाराने हजारऐवजी नऊशे नग पाठवले आणि ‘उरलेले नंतर’ म्हणून विषय सोडून दिला. पीओ बंद झाला नाही. ते शंभर नग प्रणालीच्या लेखी अजून ‘वाटेवर’ आहेत आणि दर रात्री साठ्यात मिळवले जातात. असे चार-पाच अर्धवट पीओ साचले की रॅक रिकामा होत जातो आणि प्रणाली मात्र गप्प राहते. यावर उपाय एकच: देय तारीख उलटूनही उघडे असलेल्या पीओंची यादी दर आठवड्याला काढायची. प्रत्येक ओळीवर विचारायचे की माल येणार आहे की पीओ बंद करायचा.

मुंबईच्या ‘फ्रॅपे’ने बनवलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त प्रणालीत हे काम कसे चालते, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक मालासाठी गोदामनिहाय पातळी आणि मागवायची संख्या भरता येते. ठरावीक वेळी प्रणाली अपेक्षित साठा पातळीशी ताडून पाहते आणि तो कमी असेल तर ‘मटेरियल रिक्वेस्ट’ तयार करते. म्हणजे थेट पीओ नव्हे, तर मागणीपत्र. परचेसचा माणूस ते पाहून त्याचा पीओ करतो. त्यावर माल हवा असल्याची तारीख पडते ती मालाच्या नोंदीत भरलेले लीड टाइमचे दिवस आजच्या तारखेत मिळवून. इथे एक गैरसमज सर्रास होतो. लीड टाइम भरला म्हणजे पातळी आपोआप निघेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. त्या दिवसांनी फक्त तारीख ठरते. सातशेचा आकडा माणसालाच काढून भरावा लागतो, आणि लीड टाइम बदलला की तोही बदलावा लागतो.

मधला हा माणूस काढून टाकावा का? सगळ्या मालासाठी नाही. नट-बोल्ट, पॅकिंगचे खोके, तेल यांचे पीओ ठरावीक रकमेपर्यंत थेट पुरवठादाराकडे जाऊ द्यायला हरकत नाही. बेअरिंगसारख्या महाग आणि जुळणी अडवणाऱ्या मालावर एक नजर हवी, पण त्या नजरेला वेळेची मर्यादाही हवी. मागणीपत्र चार दिवस सहीविना पडून राहिले तर लीड टाइम बाराचा सोळा होतो आणि १६० बेअरिंगचा फरक पडतो.

नजर हवी ती विशेषतः एककासाठी. स्टोअर नगांत मोजते, पुरवठादार दहा नगांच्या खोक्यात विकतो. हे रूपांतर मालाच्या नोंदीत चुकले असेल तर हजार नगांऐवजी हजार खोकी छापली जातात. दुसरी नजर बंद झालेल्या मॉडेलवर. उत्पादनातून गेलेल्या पंपाचे सील पातळीखाली आले म्हणून प्रणाली निमूटपणे पुन्हा मागवते. तिला मॉडेल बंद झाल्याचे कोणी सांगितलेले नसते.

तपासणी किती वेळाने होते, यानेही गणित बदलते. दर रात्री तपासले तर पातळी ओलांडल्याचे त्याच दिवशी कळते. फक्त सोमवारी तपासले, तर मंगळवारी ओलांडलेली पातळी पुढच्या सोमवारपर्यंत कळत नाही. सहा दिवसांच्या कामाच्या आठवड्यात तेवढ्यात २४० बेअरिंग खर्च होऊ शकतात. आठवड्याने तपासणाऱ्याची पातळी म्हणून ९४० असायला हवी.

किती मागवायचे, हा वेगळा प्रश्न. त्याचे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये ‘फॅक्टरी’ या मासिकात मांडले: दर ऑर्डरीमागचा खर्च आणि माल साठवण्याचा खर्च यांचा समतोल. व्यवहारात ते उत्तर पुरवठादाराच्या किमान ऑर्डरीला आणि खोक्याच्या मापाला जुळवून घ्यावे लागते.

पंपांच्या धंद्यात शेवटची अडचण हंगामाची. शेतीपंपांची मागणी उन्हाळ्याच्या तोंडावर चढते. मागच्या सहा महिन्यांची सरासरी तेव्हाही चाळीसच दाखवते आणि जुळणीच्या ओळीवर रोज साठ बेअरिंग लागत असतात. साठच्या दराने सातशेचा साठा बारा दिवसांत संपतो, म्हणजे माल वेळेवर आला तरी रॅक रिकामा. त्या काळात पातळी निदान साठच्या हिशेबाने, म्हणजे लीड टाइमचे ७२० आणि वर सेफ्टी स्टॉक, अशी आधीच बदलून ठेवावी लागते. महिन्याचा उत्पादन आराखडा पक्का असेल तर त्याहून चांगली वाट आहे: किती पंप बनणार त्यावरून बेअरिंग मोजायची आणि त्यातून लीड टाइमचे बारा दिवस मागे जाऊन ऑर्डरीची तारीख ठरवायची. मग सातशेची पातळी राहते ती सुट्या भागांच्या किरकोळ विक्रीपुरती, कारण त्या गिऱ्हाइकाचा आराखडा कोणाकडेच नसतो.