शंभर किलो धानातले पाच टक्के

प्रश्न असा होता: १०० किलो धानात २२ टक्के ओलावा आहे. ते वाळवून ओलावा १७ टक्क्यांवर आणला, तर धानाचे वजन किती राहील? पर्याय चार: ८३, ९४, ९५, ९६.

पवनीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या दोन मित्रांनी प्रश्नमंजूषेत एकाच संघातून भाग घेतला होता. या प्रश्नावर त्यांचे जमले नाही. वेळ संपत आली तेव्हा एकाने पुढे होऊन ९५ वर खूण केली. दुसरा ९४ म्हणत राहिला. स्पर्धा संपली, तरी वाद काही संपला नाही. तो आसगावपर्यंत आला, तेव्हा मीही तिथे होतो. दोघांची नावे इथे नकोत. एक पवनीचा, घरी किराण्याचे दुकान. दुसरा आसगावचा, घरी धानाची शेती. पवनीकर आणि आसगावकर म्हटले तरी भागेल.

पवनीकराचे म्हणणे सरळ होते. बावीसातून सतरा गेले, उरले पाच. शंभरातून पाच किलो पाणी गेले, राहिले पंच्याण्णव. आसगावकराला उत्तर ९४ च्या आसपास येते एवढे ठाऊक होते, पण का, ते त्याला पटकन सांगता येईना. प्रश्नमंजूषेच्या तीस सेकंदांत ज्याचे गणित सोपे दिसते तोच जिंकतो.

ओसरीवर बसून त्यांनी काढलेली युक्ती मला आवडली. उत्तर कुणाचे बरोबर, हा विषयच त्यांनी बाजूला ठेवला. वहीत एका ओळीत एकच विधान लिहायचे, दोघांना मान्य असेल तर दोघांनी समोर खूण करायची आणि मगच खाली उतरायचे.

पहिली ओळ: १०० किलोत २२ किलो पाणी आणि ७८ किलो कोरडा धान. दोन्ही खुणा झाल्या. दुसरी ओळ: वाळवताना फक्त पाणी जाते, कोरडा धान ७८ किलोच राहतो. पवनीकराने चिमण्यांचा आणि सांडलवंडीचा मुद्दा काढला. तो हिशेबापुरता सोडायचा असे ठरले आणि खुणा झाल्या. तिसरी ओळ पवनीकराने लिहिली: वाळल्यावर पाणी १७ किलो.

आसगावकराने खूण केली नाही. "सतरा किलो काहून बे? सतरा टक्के म्हटलं आहे."

"मग शंभराचे सतरा टक्के म्हणजे सतराच ना."

"पण आता शंभर किलो राहिले कुठं?"

गाडी अडली होती ती इथेच. वादाचा पाऊण भाग दोघांना आधीपासून मान्य होता आणि भांडण फक्त एका ओळीचे होते, हे तोवर कुणाच्या ध्यानात आले नव्हते. बावीस टक्के हे शंभर किलोंचे आहेत. सतरा टक्के हे वाळल्यावर जे काही वजन उरेल त्याचे आहेत, आणि ते तर अजून काढायचे आहे. दोन टक्क्यांखालचा आधार वेगळा असताना त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही.

पवनीकर लगेच मानणारा नव्हता. म्हणून त्याचेच उत्तर उलटे लावून पाहिले. ९५ किलो धान उरला आणि त्यात ७८ किलो कोरडा भाग असला, तर पाणी १७ किलो. सतराला पंच्याण्णवने भागले तर १७.९ टक्के येतात. म्हणजे ९५ किलोवर धान अजून ओलाच आहे. आता ९४ घेऊ: पाणी १६ किलो, भागाकार १७.०२ टक्के. सरळ मार्गाने जायचे तर ७८ किलो म्हणजे उरलेल्या वजनाचे ८३ टक्के, म्हणून ७८ भागिले ०.८३, म्हणजे ९३.९८. तिसरी ओळ खोडली गेली आणि तिच्या जागी ही आली.

मग वजाबाकी इतकी खरी का वाटते? याचे उत्तर पवनीकरानेच शोधले, आणि मला ते सगळ्यात मोलाचे वाटले. त्याने शेवटचा ओलावा शून्य धरून पाहिला. २२ वरून शून्यावर आणले तर ७८ किलो उरतात. वजाबाकीनेही ७८, भागाकारानेही ७८. म्हणजे धान पूर्ण कोरडा करायचा असेल तेव्हा त्याची पद्धत अचूक आहे. अर्धवट वाळवण्यावर थांबले की ती चुकू लागते. सतरावर थांबायचे असेल तर दर टक्क्यामागे एक किलो नव्हे, एक भागिले ०.८३, म्हणजे जवळपास १.२ किलो जातात.

एवढ्यावर मिटले असते, पण पवनीकराने नवा फाटा काढला. टक्के कोरड्या भागावर मोजले असतील तर? ही पळवाट नव्हती. वाळवणयंत्रांचा अभ्यास करणारे अभियंते ओलावा खरेच तसा मोजतात: कोरड्या शंभर किलोंमागे पाणी किती. तसे धरले तर १०० किलोंत कोरडा भाग १०० भागिले १.२२, म्हणजे ८१.९७ किलो, आणि सतरावर वजन ९५.९. चौथा पर्याय ९६ हा याच वाटेने आला असावा. गंमत म्हणजे ९५ हे उत्तर कोणत्याच वाटेने येत नाही.

९४ आणि ९६ यांतला निवाडा गणित करू शकत नाही, तो रिवाजाने होतो. धान्याच्या व्यापारात आणि खरेदी केंद्रावरच्या ओलावा मोजणाऱ्या मीटरवर टक्के एकूण वजनावर धरतात. सरकारी खरेदीच्या मानकांत धानाला जी १७ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे तीही अशीच मोजलेली. प्रश्नात १७ चा आकडा तिथूनच आला हे उघड आहे. म्हणून उत्तर ९४.

तरी आसगावकराला कागदावर समाधान नव्हते. दिवस हलका धान निघण्याचे, अंगणात चुरलेला धान पडलेला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओव्हन आहे आणि गुरुजी वापरू देतात. मग दोघांनी प्रत्यक्ष करून पाहिले. यातली खरी मेहनत वाळवण्यात नसते, नमुना घेण्यात असते. ढिगाच्या वरचा थर उन्हावाऱ्याने सुकलेला असतो आणि पोटातला ओला. वरूनच मूठ उचलली तर ओलावा कमी निघतो. त्यांनी ढीग दोनदा उलथापालथा केला, चार ठिकाणांहून मुठी घेतल्या आणि नमुना लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरला, कारण उघड्या पिशवीतून नेला तर पवनीला पोचेपर्यंत तो वाटेतच वाळला असता. नमुना काढल्यानंतर, आधी नव्हे, उरलेल्यातला बरोबर ५ किलो धान दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घेतला.

प्रयोगशाळेत नमुन्याचा भरडा केला. तोही झटपट, कारण मिक्सर तापला की पाणी उडते. दहा ग्रॅम भरडा सुमारे १३० अंशांवर दोन तास ठेवला आणि कोरड्या हवेच्या बंद भांड्यात गार करून तोलला. गरम वाटी काट्यावर ठेवली तर आकडा स्थिर राहत नाही आणि उघड्यावर गार केली तर भरडा हवेतली ओल परत ओढतो. उरले ७.८४ ग्रॅम. ओलावा २१.६ टक्के.

इकडे आसगावात तो पाच किलो धान ताडपत्रीवर पातळ पसरून अधूनमधून पायाने फिरवला. आसगावकराच्या आईने बजावले होते की भर उन्हात एकदम कडक वाळवू नका, दाणा तडकतो आणि गिरणीत कणी पडते. संध्याकाळी पुन्हा आधी नमुना डब्यात, मग उरलेला धान काट्यावर. त्यात नमुन्याचे वजन मिळवले. एकूण ४.७०५ किलो. दुसऱ्या नमुन्याचा ओलावा निघाला १६.८ टक्के.

आता दोन्ही पद्धती लावल्या. कोरडा धान ५ चे ७८.४ टक्के, म्हणजे ३.९२ किलो. त्याला ०.८३२ ने भागले तर ४.७१२ किलो. वजाबाकीने ४.८ टक्के गेले, म्हणजे ४.७६० किलो. काट्याशी पहिल्याचा फरक ७ ग्रॅमचा, दुसऱ्याचा ५५ ग्रॅमचा.

"सात ग्रॅम तरी का?" हा प्रश्न आता पवनीकराचा होता, आणि तो हक्काचा होता. दुकानाचा काटा पाच-पाच ग्रॅमनेच पुढे सरकतो. शिवाय प्रयोगशाळेतल्या तोलात एक शतांश ग्रॅम इकडेतिकडे झाला की ओलाव्यात ०.१ टक्क्याचा फरक पडतो आणि पाच किलोंवर तो सुमारे सहा ग्रॅम होतो. म्हणजे सात ग्रॅम त्यांच्या साधनांच्या पोटातच बसतात, पंचावन्न बसत नाहीत. पवनीकराने वहीत तिसऱ्या ओळीपुढे खूण केली.

आसगावकराचे बाबा हे सगळे बघत होते. त्यांना ९४-९५ मध्ये रस नव्हता, घटीत होता. ओला धान विकताना व्यापारी घट कापतो. टक्क्यामागे क्विंटलला एक किलो कापला, तर २२ टक्क्यांच्या धानात तो स्वतःच किलोभर नुकसानीत जातो. दोन किलो कापले, तर पाच टक्क्यांना दहा किलो जातात, जिथे पाणी सहाच किलो आहे. वरचे चार किलो शेतकऱ्याचे. हे कळल्यावर त्यांनी मुलांना तक्ता करायला लावला. सतरावर आणायचे धरून क्विंटलमागे घट: १८ टक्क्यांना १.२ किलो, २० ला ३.६, २२ ला ६, २४ ला ८.४.

तक्ता त्यांनी हिशेबाच्या डायरीत उतरवून घेतला. मग विचारले, "हे सारं पाण्याचं झालं. उपणल्यावर पोचट दाणा अन् भूस जाते, ते कोणत्या ओळीत लिवलं?"

दोघांनी वही पुन्हा उघडली. दुसऱ्या ओळीत त्यांनी चिमण्या आणि सांडलवंड सोडून दिली होती, पोचट दाण्याचा विचारच केला नव्हता. पवनीकराने तिथे एक रकाना वाढवला आणि विचारले, "काका, पोत्यामागं पोचट किती निघते?"

"ते धानावर हाये. उद्या सकाळी सुपात घेऊन पाहू."